पहिला नंबर कोण लावतं?

गेल्या महिन्यात भिशीच्या बैठकीला आमच्या एक मावशी उशिरा आल्या आणि शेवटपर्यंत गप्पच बसून राहिल्या. सगळ्या उठल्यावर म्हणाल्या, "पोरानं मोबाईलवरच्या खेळात चाळीस हजार घालवले. विचारलं तर म्हणतो, आई, मी कुठल्याही ॲपवर नाही गेलो. दहाची यादी बघितली आणि पहिल्या नंबरचंच घेतलं."

कुकर घेताना, क्लास निवडताना आपणही असंच करतो. म्हणून त्या पोराला दोष देण्याआधी ती यादीच उघडून बघायचं आम्ही ठरवलं. मावशींची भाची कॉम्प्युटरचं शिकलेली आहे, तिला बरोबर घेतलं.

पान दिसायला झकास होतं. 'आमच्या तज्ज्ञांनी तपासलेली दहा सर्वोत्तम ॲप', प्रत्येकासमोर चांदण्या, खाली 'आता खेळा' असं हिरवं बटण. पहिल्याला पाचपैकी 4.9 गुण आणि दहाव्यालाही 4.5. सगळीच पोरं पहिल्या वर्गात पास! आम्ही तिथंच थबकलो. खरी तपासणी झाली असती तर एखादं तरी नापास झालं असतं ना?

मग भाचीनं हिरव्या बटणावर बोट दाबून धरलं आणि त्यामागचा पत्ता दाखवला. तो थेट खेळाच्या ॲपचा नव्हता. यादीवाल्याच्याच जागेवरून `/go/` असा वळसा घेऊन तो पुढं जात होता, आणि पुढच्या पत्त्याच्या शेपटीला `clickid=` लिहून एक लांबलचक नंबर जोडलेला होता. त्या नंबरावरून खेळाच्या कंपनीला कळतं की हे गिऱ्हाईक कुणी पाठवलं. त्याची खूण फोनमध्येही काही दिवस राहते. म्हणजे आज बटण दाबलं आणि आठवड्यानं पैसे भरले, तरी पाठवणाऱ्याच्या खात्यावर नोंद होते. अशा पाठवणाऱ्याला त्या धंद्यात 'ॲफिलिएट' म्हणतात. साध्या भाषेत दलाल.

त्याला पैसे कसे मिळतात, हे नीट समजून घेऊ. एक पद्धत डोईमागं ठरावीक रकमेची. नवा माणूस आला, त्यानं ठरलेली किमान रक्कम भरली, की दलालाला एकदाच अमुक रुपये. दुसरी पद्धत वाट्याची. खेळणाऱ्याच्या हरण्यातून कंपनीला जे उरतं, त्यातला टक्का. समजा वाटा तीस टक्क्यांचा ठरला आहे. मावशींच्या पोराचे चाळीस हजार गेले, तर इतर वजावट सोडून देऊ, पण बारा हजार यादीवाल्याचे. आणि पोरगं पुढं वर्षभर खेळत राहिलं तर वर्षभर वाटा चालू. तो जिंकला तर त्या महिन्यात दलालाला काही नाही. तिसरी पद्धत सरळ जागेच्या भाड्याची, म्हणजे पहिल्या नंबरासाठी महिन्याला इतके. महाद्वार रोडवर कोपऱ्यावरच्या गाळ्याला भाडं जास्त असतं, तसंच.

हे ऐकून मावशी म्हणाल्या, "म्हणजे मटक्याची चिठ्ठी घेणाराच की हा!" कोल्हापुरात टपरीवरचा मटका कुणाला नवा आहे? पण आम्हाला वाटतं, हा त्याच्याही एक पाऊल पुढं आहे. चिठ्ठी घेणाऱ्याला जमलेल्या रकमेवर कमिशन, कुणी जिंको वा हरो. इथं वाटा हरण्यावर आहे. शिवाय चिठ्ठी घेणारा 'मी तज्ज्ञ आहे' असं कधी म्हणत नाही.

आता सांगा, नंबर कशावर लागेल? एक कंपनी डोईमागं दोन हजार देते, दुसरी तीन हजार. दुसरीबद्दल 'जिंकलेले पैसे देत नाही' अशी ओरड असली, तरी तिला खाली ढकललं तर नुकसान यादीवाल्याचं. आणि जी कंपनी दलाली देतच नाही, ती यादीत यायचं कारणच उरत नाही. वाचणाऱ्याला वाटतं सगळ्या बाजारातून दहा निवडलेत. प्रत्यक्षात दलाली देणाऱ्यांतले दहा असतात.

त्या यादीतली सर्वात ठळक ओळ बोनसची होती, 'पाच हजार फुकट'. अट बारीक अक्षरात, दुसऱ्याच पानावर सापडली. बोनस काढून घ्यायचा तर आधी त्याच्या तीसपट रकमेचे डाव खेळा. पाच हजाराचे तीसपट दीड लाख. खेळ शंभरातले सरासरी चारच रुपये ठेवून घेतो असं धरलं, तरी दीड लाखावर सहा हजार जातात. पाच हजार मिळवायला सहा हजार! यादीवाल्याला हा हिशोब येत नसेल असं आम्हाला वाटत नाही.

आता एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. दलाली घेणारा प्रत्येक जण खोटंच लिहितो असं नाही. काही जण 'या दुव्यांतून आम्हाला पैसे मिळतात' असं वरच स्पष्ट लिहितात, अटीही सांगतात. पण वाटा हरण्यावर असेल, तर प्रामाणिक माणसाचं हितही तुमच्या हरण्यातच अडकलेलं राहतं.

जिथं जुगाराला परवाना आहे तिथंही हा घोळ झाला आहे. 2017 मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं दलालांनी बातमीसारखी सजवलेली एक जाहिरात बंद पाडली. बायकोच्या कॅन्सरच्या उपचारात कर्जबाजारी झालेला माणूस जुगारात जिंकून सावरला, अशी ती गोष्ट होती. ज्या कंपन्यांसाठी ती चालली त्यांनी 'आम्ही नाही, दलालानं लिहिलं' असं सांगून चाललं नाही. जबाबदारी त्यांच्यावरच आली.

आपल्याकडं 3 ऑक्टोबर 2022 ला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं सूचना काढली होती की परदेशी सट्टेवाले बातम्यांच्या नावाची संकेतस्थळं आड करून जाहिरात करतात. पुढं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं केला, 22 ऑगस्ट 2025 ला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. मग यादीत आता उरलं कोण? आम्ही बघितलेल्या पानावर बहुतेक परदेशात नोंद असलेले. तिथं जिंकलेले पैसे अडकले तर दाद कुणाकडं मागणार? आणि पैसे भरायला दर वेळी कुणा वेगळ्याच माणसाचं यूपीआय खातं देत असतील, तर तिथंच हात आखडता घ्या.

मावशींनी विचारलं, चाळीस हजार परत येतील का? डावात हरलेले येणं कठीण, हे आम्ही तोंडावर सांगितलं. पण त्यातले सहा हजार 'जिंकलेली रक्कम सोडवायला कर भरा' म्हणून उकळलेले निघाले. ती सरळ फसवणूक. त्यासाठी 1930 ला फोन करून तक्रार नोंदवली. असा फोन जितका लवकर तितकी पैसे पुढं जायच्या आत अडवण्याची शक्यता जास्त. पोराची झोप उडाली आहे, म्हणून 14416 या टेलिमानसच्या नंबरावरही त्याचं बोलणं करून दिलं. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

परवा भाचीनं तेच पान पुन्हा उघडलं. पहिल्या नंबरावर दुसरंच ॲप आलं होतं. गुण तेच, 4.9. खालचा मजकूरही शब्दन् शब्द तोच होता, फक्त नाव बदललेलं.