उधारीच्या वहीतला एक आणि नऊ



दुकानदाराच्या उधारीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन एक भाऊ आमच्याकडे आले. तळाशी बेरीज ३,४४५. चार रकमांपैकी १,३५०, ६४० आणि ४८० स्पष्ट. चौथीच्या पहिल्या आकड्यावर ओल्या बोटाने शाई पसरलेली. १७५ की ९७५? आपल्या लिपीतले एक आणि नऊ पुसट झाले की सख्खी भावंडेच.

आम्ही स्पष्ट रकमा मिळवल्या, २,४७० झाले. तळच्या बेरजेतून ते वजा केले, उरले ९७५. पुष्कळजण इथेच थांबतात. पण बेरीज दुकानदारानेच केलेली. त्याने काय वाचले, एवढेच ती सांगते. मग आडवी ओळ पाहिली. फवारणी पंपाचे नोझल, ५ नग, दर ३५. दोन्ही आकडे ठळक. गुणाकार १७५. आठशे रुपये जास्त लागले होते!

दोन रकमा पुसट असतील तर वजाबाकीतून दोन्हींची मिळून रक्कम कळते, वेगवेगळी नाही. नग आणि दरही वाचता येत नसतील तर अंदाज भरू नका. जागा कोरी ठेवा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन बेरजा लिहा आणि मूळ वही, पावती बघायला मागा.