माल दुकानात पोहोचतो तेव्हा
मधुबन जलाशयाच्या काठी असलेल्या दुधनीत सिल्व्हासाहून खानवेलमार्गे माल आणावयाचा, तर बिजकातील आकडा ही त्या मालाची खरी पडत नव्हे. समजा, एका बिजकात चाळीस गोणी सिमेंट आहे, दर ३५० रुपये. आणि पन्नास पितळी नळ आहेत, दर २८० रुपये. दोहोंची किंमत सारखीच, १४,००० रुपये. टेम्पोभाडे व उतरवणुकीची हमाली मिळून २,०२० रुपये झाले.

पुष्कळ दुकानदार हा खर्च किमतीच्या प्रमाणात वाटतात. मग प्रत्येक गोणीवर सव्वापंचवीस रुपये पडतात आणि पडत ३७५.२५ होते. परंतु भाडे व हमाली दोन्ही वजनावर ठरली होती! सिमेंट २,००० किलो, नळ अवघे वीस किलो. म्हणजे किलोमागे एक रुपया. गोणीची खरी पडत ४०० रुपये, नळाची २८०.४०. गोणी ३९० ला विकणारा पावणेपंधरा रुपये सुटले असे समजतो, प्रत्यक्षात दहा गमावतो. नळावर दिसणारा नफा मात्र उगाच सुमारे वीस रुपयांनी आक्रसतो. एकूण बेरीज जुळत असल्याने ही चूक वहीत दिसत नाही.

वर्षअखेर दहा गोणी उरल्या, तर त्यांची पडत ४,००० रुपये. तथापि बाजारात ३,९०० च येणार असतील, तर शिल्लक मालाच्या यादीत तोच कमी आकडा, विक्रीखर्च वजा करून, मांडावा. परत मिळणारा कर पडतीत धरू नये. गिऱ्हाइकाच्या घरी माल पोहोचविण्याचे भाडेही नाही.