दर रविवारचा फोन थांबवायचाय, पण दादांना सांगायचं कसं?

आजचा विषय जरा अवघडच आहे. आपल्याला मार्गदर्शन करणाऱ्या माणसाला ‘आता थांबूया’ म्हणायचं कसं?

उदाहरण जतचंच धरू. मुलगा राज्यसेवेची तयारी करतोय. तालुक्यातलेच एक दादा, आता सरकारी नोकरीत, त्याला दर रविवारी रात्री फोन करतात. पैसे घेत नाहीत, आपुलकीनं करतात. पहिलं वर्ष भारी गेलं. पूर्वपरीक्षेत चुकीचे पर्याय कसे काढून टाकायचे, हे दादांनीच शिकवलं. पण २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, उत्तरं हातानं लिहायची. दादांच्या वेळी सामान्य अध्ययनाला पर्याय निवडायचे असायचे. आता मुलाला हवाय लिहिलेलं उत्तर तपासून देणारा माणूस. चूक कुणाचीच नाही.

हे ओळखायचं कसं? शेवटचे चार रविवार आठवा. फोननंतर तुम्ही काही वेगळं केलंत का? आणि तिकडून “काय, अभ्यास कसा चाललाय?” याच्या पुढं काही येतं का? तेही फोन पुढं ढकलत असतील, तर बहुतेक तेही अवघडलेत. ‘पोरगं नाराज होईल’ म्हणून बोलत नसतील.

आपण काय करतो? फोन उचलायचं बंद करतो. पण जतसारख्या गावात हे चालत नाही हो. स्टँडवर, लग्नात, नाहीतर यल्लम्माच्या यात्रेत गाठ पडतेच! दुसरी पळवाट म्हणजे “सध्या बिझी आहे.” मग महिन्यानं दादा परत फोन करणार, आणि परत खोटं बोलावं लागणार.

त्यापेक्षा शनिवारी एक मेसेज टाका: “दादा, उद्या आपल्या रविवारच्या फोनबद्दलच बोलायचंय, पंधरा मिनिटं.” म्हणजे त्यांना अंदाज येतो. बाकीचं मात्र फोनवरच, मेसेजवर नको. असं म्हणता येईल: “दादा, पर्याय काढून टाकायची तुमची पद्धत मला पूर्वपरीक्षेत उपयोगी पडली. आता माझं सगळं अडतंय उत्तरलेखनावर, त्यासाठी रोज कागद तपासणारं कुणीतरी शोधतोय. तर दर रविवारचा फोन या महिनाअखेर थांबवूया का?”

यात आभार नेमक्या गोष्टीचे आहेत, कारण खरं आहे, तारीख आहे. “पॅटर्न बदलला, तुम्हाला आता माहीत नाही” हे वाक्य तेवढं गिळा. खरं असलं तरी लागतं.

दादा म्हणाले, “अरे, पंधरा दिवसांनी करू की,” तर? भिडेपोटी हो म्हणू नका. “मुलाखतीपर्यंत पोचलो तर मीच फोन करीन, सरकारी कामाचं तुम्हीच सांगू शकता,” असं म्हणा. पण खरंच करणार असाल तरच.

फी भरून लावलेलं कोचिंग असेल तर पुढचा हप्ता जायच्या आधी सांगा, आणि तेव्हा मात्र लेखी.

एक राहिलंच. दादांची पुस्तकं घरी पडली असतील ना? ती नेऊन द्या, चहा घेऊन या.