कोरी कॉफी, वजन आणि चहातली साखर

(मंडळाच्या आरोग्य व्याख्यानमालेतील भाषणाचा लेखरूप मजकूर)



मी अहिल्यानगर जिल्ह्यात डॉक्टरकी करतो. गेल्या काही वर्षांत तिथे वारंवार विचारला जाणारा प्रश्न इथे अमेरिकेतही मला भेटल्या भेटल्या तीन-चार जणांनी विचारला: सकाळी बिनसाखरेची काळी कॉफी घेतली तर वजन उतरतं का? थोडं उतरू शकतं. मात्र ते कशामुळे उतरतं हे नीट कळलं, तर बाजारातले निम्मे दावे आपोआप गळून पडतात.

आधी कॅफीनचं पाहू. कॅफीनमुळे शरीर बसल्या जागी थोडी जास्त ऊर्जा खर्च करतं, हे खरं आहे. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना 100 मिलिग्रॅम कॅफीन दर दोन तासांनी, बारा तास दिलं आणि त्यांचा ऊर्जाखर्च मोजला. सडपातळ लोकांचा दिवसाचा खर्च सुमारे 150 किलोकॅलरींनी वाढला. पूर्वी लठ्ठ असून वजन उतरवलेल्यांमध्ये ही वाढ फक्त 79 भरली. म्हणजे ज्यांना गरज जास्त, त्यांनाच लाभ कमी. 79 किलोकॅलरी म्हणजे बाजरीच्या एका भाकरीचा साधारण तिसरा हिस्सा. त्यासाठी दिवसभरात 600 मिलिग्रॅम कॅफीन पोटात गेलं होतं, आणि निरोगी प्रौढांसाठी 400 ही सुरक्षित मर्यादा मानली जाते. गरोदरपणी ती 200 आहे. शिवाय शरीराला कॅफीनची सवय होते, त्यामुळे हा परिणाम तसाच टिकेल असं धरून चालता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. किराणा दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ कॉफीत चिकोरी मिसळलेली असते, आणि चिकोरीत कॅफीन नसतं. पाकिटावर कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचावं. चमचा तेवढाच घेतला तरी अशा कॉफीतून कॅफीन कमी मिळतं.

दीर्घकाळाचा सर्वांत उपयोगी पुरावा मला सिंगापूरचा वाटतो, कारण त्यात चिनी आणि मलय लोकांबरोबर भारतीय वंशाचेही लोक होते. वजन जास्त असलेल्या 126 जणांपैकी काहींना रोज चार कप कॉफी दिली आणि बाकीच्यांना कॉफीसारखंच पण कॉफी नसलेलं पेय. हे 24 आठवडे चाललं. इन्सुलिनला शरीर कसा प्रतिसाद देतं, यात फरक पडला नाही. कॉफी गटाच्या अंगातली चरबी मात्र दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे पावणेचार टक्क्यांनी घटली. ही टक्केवारी वजनाची नाही, चरबीची आहे. अंगात 25 किलो चरबी असेल तर जवळपास सहा महिन्यांत एक किलोच्या आतबाहेर. परिणाम खरा, पण लहान.

आता ज्या दाव्याकडे पाठ फिरवायची त्याबद्दल. ‘ग्रीन कॉफी’, म्हणजे न भाजलेल्या बियांचा अर्क, तुमच्या इथे 2012 मध्ये टीव्हीवरच्या डॉ. मेहमेत ऑझ यांच्या कार्यक्रमामुळे घरोघर पोचला. त्यामागचा प्रयोग भारतात, बंगळुरूत झाला होता. माणसं फक्त 16, आणि 22 आठवड्यांत सरासरी आठ किलो वजन उतरल्याचा दावा. तोही व्यायाम न करता, आहारात मोठा बदल न करता, असं सांगितलं गेलं. अर्क विकणाऱ्या टेक्सासच्या कंपनीनेच त्याचा खर्च केला होता. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली. प्रमुख संशोधकाने वजनाचे आकडे वारंवार बदलले, प्रयोगाचा कालावधी बदलला आणि कोण खरा अर्क घेत होतं, कोण खोटी गोळी, याचीही चुकीची नोंद केली, असा आयोगाचा आरोप होता. 2014 मध्ये कंपनीने 35 लाख डॉलर भरून तडजोड केली, आणि त्याच वर्षी तो शोधनिबंध मागे घेतला गेला.

निबंध गेला, पण माल राहिला. भारतात आजही ग्रीन कॉफीची पाकिटं विकली जातात. असा दावा समोर आला की मी तीन गोष्टी पाहतो: माणसं किती होती, पैसा कोणाचा होता, आणि आहार न बदलता इतकी घट झाली असेल तर ती कुठून आली. कॉफीत लिंबू पिळलं की पोटाची चरबी वितळते, या दाव्याला तर तपासायला प्रयोगच नाही. कॉफीत तूप घालणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की एक मोठा चमचा तूप सव्वाशेच्या आसपास किलोकॅलरी देतं.

मग कोऱ्या कॉफीने आमच्याकडच्या काही लोकांचं वजन खरोखर उतरतं, ते कसं? आमचा जिल्हा उसाचा. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला, आणि आमच्या चहातही साखरेचा हात सैल. श्रीरामपूर किंवा राहुरीतल्या एखाद्या घरचा हिशेब मांडू. एका कपात साखर दोन चमचे, म्हणजे 40 किलोकॅलरी. अर्धा कप म्हशीचं दूध, म्हणजे 75 च्या आसपास. असे चार कप झाले की साडेचारशेच्या वर. त्यातल्या दोन कपांच्या जागी कोरी कॉफी आली की सव्वादोनशे किलोकॅलरी वाचतात. कॅफीनने जे साधतं त्याहून हे बरंच जास्त आहे, आणि ते साधलंय दूध-साखर गेल्याने. चहा तसाच ठेवून चारही कपांतली फक्त साखर काढली, तरी 160 वाचतात. कॉफीचा थेंबही न घेता.

अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातल्या पुरुषांचा वर्षानुवर्षे माग ठेवणाऱ्या अभ्यासांतही हेच दिसतं. रोज एक कप बिनसाखरेची कॉफी वाढवणाऱ्यांचं वजन चार वर्षांत अपेक्षेपेक्षा 0.12 किलो कमी वाढलं. रोज एक चमचा साखर वाढवणाऱ्यांचं 0.09 किलो जास्त. कॅफीन काढलेल्या कॉफीचाही संबंध तसाच निघाला, म्हणून सगळं श्रेय कॅफीनला देता येत नाही. ही निरीक्षणं आहेत, प्रयोग नव्हे, हे ध्यानात ठेवावं.

हा हिशेब फसतो तो दोन ठिकाणी. सकाळी नाश्त्याऐवजी कॉफी घेतली की अकराला भूक उसळते आणि फरसाणाचा डबा उघडतो. वजनकाटा महिनाभर हलला नाही तर आधी त्या वेळेचं खाणं लिहून काढा. दुसरं, संध्याकाळची कॉफी झोप खाते, आणि अपुऱ्या झोपेनंतर माणूस जास्त खातो. दुपारनंतर कॉफी नको.

स्त्रियांसाठी दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर तासाभरात घेतलेली कॉफी अन्नातलं लोह पुरतं शोषू देत नाही. एका अभ्यासात हे शोषण 39 टक्क्यांनी घटलं, पण जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने ते घटलं नाही. म्हणून कॉफी घ्यायचीच तर जेवणाच्या तासभर आधी. दुसरी गोष्ट थायरॉइडच्या गोळीची. ती पाण्याबरोबर घ्या आणि कॉफीआधी तासभर जाऊ द्या, नाहीतर गोळीचा गुण कमी पडतो. छातीत धडधड, जुनी आम्लपित्ताची तक्रार किंवा बेताबाहेरचा रक्तदाब असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. आणि चहा सोडल्यावर जे दूध गेलं, त्याच्या बदल्यात जेवणात वाटीभर दही असू द्या.

ज्यांना कोरी कॉफी आवडते त्यांनी दिवसाला दोन-तीन कप जरूर घ्यावी. ज्यांना कडू लागते त्यांनी वजनासाठी ती गिळायची काही गरज नाही. तुमचे आईवडील नगरकडे असतील तर पुढच्या फोनवर त्यांना एवढंच सांगा: चहातली साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर हे करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.