चिरनेरची गोष्ट, दोन तऱ्हेने लिहिलेली

25 सप्टेंबर 1930 ला उरणजवळ चिरनेरला अक्कादेवीच्या रानात लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन जंगलचा कायदा मोडायला गेले. गोळीबार झाला, आठ सत्याग्रही पडले. त्यांत नाग्या महादू कातकरी होता.

राष्ट्रवादी इतिहास सांगतो, गांधींनी मीठ उचललं, इथं लोकांनी झाड तोडलं, सगळा मुलूख देशासाठी एक झाला. त्यात नाग्या म्हणजे हुतात्म्यांच्या यादीतलं एक नाव. वर्गाच्या अंगानं लिहिणारा आधी विचारतो, चराईची फी कोण भरत होतं? राखीव रानातनं सरपण आणलं की दंड कोणाला बसायचा? मग नाग्या तिथं का गेला ते कळायला लागतं.

पण ह्यालाही अडचण आहेच. जंगलचा जाच 1878 च्या कायद्यापासूनचा, मग एवढे लोक 1930 लाच का उठले? काँग्रेसच्या हाकेशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही. शिवाय नुसतं 'शेतकरी' लिहिलं की जमीनवाला आणि बिनजमिनीचा कातकरी एकाच मापानं मोजले जातात.

तरी आम्ही दुसऱ्याकडेच झुकतो. राष्ट्रवादी गोष्ट 1947 ला संपते, आणि इंग्रजांचा 1927 चा वन कायदा त्यानंतरही चालूच राहिला.