सातव्या पायरीला उणे?

मी इथं हिंगोलीत बारावीला गणित शिकवतो. मागं एक मुलगी वही घेऊन आली, "सर, उत्तर उणे आलं." गणित होतं x^n · e^(−x) चं, ० ते १ पर्यंतचं इंटिग्रेशन. बाय पार्ट्स केलं की सूत्र मिळतं:

I_n = n·I_(n−1) − 1/e

सुरुवात I_0 = १ − १/e, म्हणजे ०.६३२१. तिनं चार दशांश ठेवले. पुढं ०.२६४२, ०.१६०५, असं करत सहावं ०.०१९७ आणि सातवं −०.२३००! आता हे तर क्षेत्रफळ, वक्र सगळा अक्षाच्या वर. उणे येईलच कसं?

सूत्र बरोबर होतं, बेरीज-वजाबाकीही. पण सुरुवातीची बारीकशी चूक दर पायरीला n पट होते. सातव्यापर्यंत ५०४० पट.

मग उलटं चालायचं:

I_(n−1) = (I_n + 1/e)/n

I_10 चक्क शून्य धरा. चुकीचंच आहे, पण आता चूक १०, ९, ८ नं भागली जाते. नववं ०.०३६८, आठवं ०.०४५०, सातवं ०.०५१६. खरी किंमत ०.०५१७ आहे.