शिकवलं काय हे नको, बदललं काय ते लिहा

आपल्या गोरेगावात आणि सेनगाव तालुक्यातल्या गावागावांत डी.एड., बी.एड. झालेल्या, विनाअनुदानित शाळेत थोड्या पगारावर शिकवणाऱ्या लेकी-सुना पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या काही जणी आता कंपनीत ट्रेनर म्हणून अर्ज करतात. बँका, विमा कंपन्या, दुकानांच्या साखळ्या, कारखाने अशा ठिकाणी नव्या माणसांना काम शिकवायला ट्रेनर लागतो. शिकवणं तर यांच्या हातचं काम, तरी अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो. असं का होतं आणि बायोडेटा कसा लिहायचा, ते आज बोलू.

बहुतेक अर्जांत असं असतं: 'इयत्ता तिसरीला सर्व विषय शिकवले. पालकसभा घेतल्या. सहल नेली.' यात खोटं काही नाही. पण हे सगळं नेमून दिलेलं काम झालं. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की बाई शाळेत होत्या. त्यांच्यामुळे काय बदललं, ते कळत नाही.

कंपनी शिकवण्याकडे कशी बघते? अमेरिकेतले डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 साली प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. कंपन्यांचे प्रशिक्षण विभाग आजही त्या वापरतात. पहिली, शिकणाऱ्याला प्रशिक्षण कसं वाटलं. दुसरी, त्याला काय यायला लागलं. तिसरी, कामावर परतल्यावर तो तसं वागतो का. चौथी, त्यामुळे कामाचा काय फायदा झाला. शाळेच्या बायोडेट्यात यातलं बहुधा काहीच नसतं. शिक्षिकेकडे मात्र निदान दुसऱ्या पायरीचा पुरावा असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका ताईकडे तिसरीचा वर्ग आहे, जुलैत पटावर 32 मुलं. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत 2005 पासून गावोगाव मुलांचं वाचन तपासतात, ती पद्धत बऱ्याच शिक्षिकांना माहीत आहे. काहीच न येणारं मूल, मग अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचणारं मूल, अशा त्या पायऱ्या. ताईंनी जुलैत एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला लावलं. गोष्ट वाचता येणारी मुलं निघाली 9. मग वर्गाचे पायरीप्रमाणे गट पाडले, रोज एक तास त्या गटात वाचन घेतलं आणि मार्चमध्ये पुन्हा तसंच तपासलं. तेव्हा 22 मुलं गोष्ट वाचत होती.

आता हिशेब नीट करा. दिवाळीनंतर दोन मुलं आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेली, मार्चच्या तपासणीला ती नव्हती. म्हणून दोन्ही वेळा हजर असलेली 30 मुलंच धरायची. गेलेल्यांपैकी एकाला जुलैतच गोष्ट वाचता येत होती, म्हणजे सुरुवातीचा आकडा 9 नाही, 8 झाला. मग ओळ अशी होते: 'सुरुवातीची चाचणी घेऊन 30 विद्यार्थ्यांचे पातळीनुसार गट केले, रोज एक तास, 8 महिने. गोष्ट वाचता येणारे 8 वरून 22.'

या ओळीत किती जण, किती वेळ, कोणती पद्धत, आधी काय, नंतर काय, हे सगळं आलं. कंपनीतही नव्या भरतीच्या बॅचमध्ये कुणाला काही येतं, कुणाला काहीच नाही. आधी तपासून, गट पाडून, पुन्हा तपासणारी बाई त्यांना हवीच असते.

इथे एक मोह होतो. 8 चे 22 म्हणजे 14 ची वाढ, म्हणून 'निकालात 175 टक्के सुधारणा' असं लिहावंसं वाटतं. गणित बरोबर आहे, पण लिहू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, 'कितीपैकी?' उत्तर तीसपैकी निघालं की मोठा आकडा फुगवलेला वाटतो आणि बाकीच्या ओळींवरचाही विश्वास जातो. शंभरच्या आतली संख्या असेल तर टक्के नकोत, माणसं मोजून लिहा.

तसंच शब्दांचं. तुकडीला बॅच म्हणा, घटक नियोजनाला प्रशिक्षण आराखडा म्हणा, चालेल. काम तेच आहे. पण वर्गशिक्षिकेला 'टीम मॅनेजर' करू नका. 'तुमच्या हाताखाली किती माणसं होती?' असं विचारलं की उत्तर उरत नाही. मुलांच्या वाचनाचे रुपयेही करू नका. शाळेचा आकडा दुसऱ्या पायरीपर्यंत जातो, तिथेच थांबवा.

मग तिसरी-चौथी पायरी कुठून आणायची? इथे आपले बचत गट कामाला येतात. कंपनीला एक शंका असतेच, की ही मुलांना शिकवते, मोठ्या माणसांना शिकवेल का? समजा त्याच ताईंनी गावातल्या 6 गटांच्या वह्या लिहिणाऱ्या बायकांना 5 बैठकांत रोकड वही शिकवली. आधी महिनाअखेरीस वहीतली शिल्लक आणि पेटीतली रोकड 6 पैकी 2 गटांचीच जुळायची. तीन महिन्यांनी 5 गटांची जुळायला लागली. बायकांनी शिकलेलं कामात वापरलं, ही तिसरी पायरी. हिशेब जुळला, ही चौथी. ही ओळ बायोडेट्यात वर्गाच्या ओळीच्याही वर घाला, कारण इथे शिकणाऱ्या मोठ्या बायका आहेत आणि फायदा कामातला आहे. गावात ते फुकट केलं म्हणून पुष्कळ जणी ते लिहीतच नाहीत.

आता कागदाची मांडणी. एक पान, फार तर दोन. वर नाव, गाव, फोन. त्याखाली तीन ओळींत तुम्ही कोण आणि कोणतं काम हवं. मग मोठ्यांना दिलेलं प्रशिक्षण, मग शाळेतलं काम, दोन्हीकडे आकड्यांच्या दोन-तीन ओळी. शेवटी शिक्षण, एमएस-सीआयटी आणि येणाऱ्या भाषा. लग्नाच्या बायोडेट्यातली जात, उंची, वडिलांचा व्यवसाय, भावंडं इथे नकोत. जाहिरात इंग्रजीत असेल तर अर्जही इंग्रजीत द्या, पण तोंडाने सांगता येईल तेवढंच इंग्रजी कागदावर ठेवा. मुलाखतीत पुष्कळदा दहा मिनिटं काहीतरी शिकवून दाखवायला सांगतात. रोकड वहीचं एक पान कसं भरायचं, हेच तयार ठेवा.

मुलांच्या नोंदी शाळेच्या आहेत आणि वह्या गटाच्या. मुख्याध्यापकांना आणि गटाला विचारून फक्त संख्या घ्या. मुलांची नावं किंवा गटाची शिल्लक कुठेच लिहू नका.

आणि आधीचा आकडाच नसेल तर? तो मागाहून आठवून लिहिता येत नाही. नोकरी पुढच्या वर्षी शोधायची असेल, तर पहिली तपासणी आत्ता घ्या. गटाच्या येत्या बैठकीत विचारा, गेल्या महिन्यात कुणाची वही पेटीशी जुळली. तो आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि मग शिकवायला बसा.